दुबईच्या नोकरीचं ऑफर लेटर ईमेलवर आलंय? रुपया भरायच्या आधी ते खरं आहे का हे असं तपासा

मी दुबईत एका कंपनीच्या एचआरमध्ये आहे, त्यामुळे गावाकडून ओळखीचे लोक व्हॉट्सॲपवर ऑफर लेटर पाठवतात आणि विचारतात की बघ रे हे खरंय का. आता एवढी लेटरं बघून झाली की फसवणुकीचा साचा पाठ झालाय, म्हणून एकदाच नीट लिहून काढतोय. मी फक्त यूएईबद्दल लिहितोय कारण तिथली पद्धत मला रोजच्या कामातून माहीत आहे आणि कोकणातून, मुंबईतून, पश्चिम महाराष्ट्रातून तिकडे जाणारे बरेच आहेत. कॅनडा, ब्रिटन, जर्मनी या देशांचे कागद वेगळे, नियम वेगळे, ते इथे मिसळत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. खाली प्रत्येक तपासणीपुढे मी लिहिलंय की तिच्यातून काय सिद्ध होतं आणि काय होत नाही. लोक फसतात ते बहुतेक वेळा अजिबात न तपासल्यामुळे नाही, एकच गोष्ट तपासून समाधान मानल्यामुळे. कंपनी गूगलवर सापडली, लायसन्स खरं निघालं, झालं, पैसे भरले. आणि कंपनी खरीच असते हो, फक्त मेल तिने पाठवलेला नसतो.

समजायला सोपं जावं म्हणून एक केस धरून चालू. चिपळूणचा एक मुलगा, इलेक्ट्रिकलमध्ये डिप्लोमा, पाच वर्षं लोटे एमआयडीसीत काम. त्याला मेल येतो की दुबईतल्या एका नावाजलेल्या कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत एमईपी, म्हणजे इमारतीतल्या एसी-वायरिंग-प्लंबिंगच्या कामाचा, सुपरवायझर म्हणून निवड झाली, पगार महिना ९,५०० दिरहम, राहणं कंपनीचं, वर्षाला येण्याजाण्याचं तिकीट. इंटरव्ह्यू म्हणजे काय तर एक वर्ड फाइल, पंधरा प्रश्नांची, ती भरून पाठवली की दोन दिवसांत ऑफर लेटर. लेटरवर लोगो, शिक्का, सही सगळं. शेवटी एक ओळ की व्हिसा प्रोसेसिंगसाठी आमच्या भारतातल्या अधिकृत प्रतिनिधीशी संपर्क करा. ही केस मी दोन-तीन खऱ्या प्रकरणांवरून जोडलेली आहे, नावं मुद्दाम टाकत नाही.

आधी मेलच बघा, मोबाइलवर नाही, कॉम्प्युटरवर

मोबाइलच्या ॲपमध्ये पाठवणाऱ्याचं फक्त नाव दिसतं, आणि नाव कोणीही काहीही लावू शकतो. जीमेल कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये उघडा, मेल उघडून उजवीकडे वरती तीन ठिपके आहेत त्यावर क्लिक करा आणि Show original निवडा. एक पान उघडतं, वर छोटा तक्ता असतो आणि खाली बरंच अगम्य मजकूर. घाबरू नका, आपल्याला चार-पाच ओळीच बघायच्यात. चिपळूणच्या केसमध्ये साधारण असं दिसेल (पत्ते मी नमुन्याचे घातलेत):

```
From: HR Department <hr@example.com>
Reply-To: visa.hr@example.net
SPF: PASS
DKIM: 'PASS' with domain example.org
DMARC: FAIL
```

From मध्ये कंपनीचा पत्ता आहे पण Reply-To वेगळाच आहे, म्हणजे तुम्ही रिप्लाय दाबलं की उत्तर कंपनीला जाणारच नाही, तिसऱ्याच माणसाला जाणार. खालच्या तीन ओळी म्हणजे मेल खरोखर त्या पत्त्याच्या मालकाकडून आलाय का याच्या तीन टेस्ट. DKIM पुढे PASS आहे म्हणून खूश होऊ नका, त्याच्यापुढचं डोमेन वाचा, म्हणजे पत्त्यात @ च्या पुढे येतं ते नाव, ते From मधल्या डोमेनशी जुळत नाहीये. DMARC फेल म्हणजे त्या कंपनीच्या नावाने भलत्यानेच मेल टाकला असण्याची दाट शक्यता. असे मेल बहुतेक स्पॅममध्येच पडतात, आणि ऑफर लेटर स्पॅममध्ये सापडलं तर तोही एक इशाराच समजा.

आता उलटी बाजू. तिन्ही PASS आले तर? तर एवढंच कळलं की मेल खरोखर त्या डोमेनवरून आलाय. ते डोमेन त्या कंपनीचं आहे हे अजून कळलेलं नाही. हल्ली जरा हुशार लोक फसवायला बसतात ते पाचशे-हजार रुपयांत स्वतःचं डोमेन घेतात, कंपनीच्या नावामागे -careers किंवा -hr किंवा -uae लावून, आणि त्यावरून पाठवलेला मेल सगळ्या टेस्ट पास होतो. म्हणून @ च्या पुढचं प्रत्येक अक्षर वाचा. l च्या जागी १ चा इंग्रजी आकडा, m च्या जागी r आणि n शेजारी शेजारी, हे प्रकार डोळ्यांना पटकन कळत नाहीत, तेव्हा पत्ता कॉपी करून मोठ्या फॉन्टमध्ये पेस्ट करून बघा.

डोमेन किती जुनं आहे ते lookup.icann.org वर मोफत कळतं. तिथे @ च्या पुढचा भाग टाका आणि Created ची तारीख बघा. वीस वर्षं जुनी कंपनी आणि डोमेन गेल्या महिन्यात घेतलेलं असेल तर पुढे काही बघायची गरजच नाही. फक्त लक्षात ठेवा की .ae वाल्या डोमेनची तारीख तिथे मिळेलच असं नाही, त्यामुळे तारीख दिसली नाही म्हणजे खोटं असा अर्थ काढू नका.

आणि जीमेल, याहू, आउटलुकच्या फुकट पत्त्यावरून आलेलं ऑफर? छोटी दुकानं, गॅरेजं, रेस्टॉरंटं खरंच जीमेल वापरतात, ते मी नाकारत नाही. पण हजार माणसांची कंपनी जीमेलवरून ऑफर पाठवत नाही.

कंपनीला तुम्ही शोधा, त्यांनी दिलेल्या लिंकवरून जाऊ नका

मेलमधल्या लिंकवर क्लिक न करता, लेटरवरचा फोन नंबर न वापरता, कंपनी स्वतः शोधून काढा. यूएईचं आर्थिक मंत्रालय नॅशनल इकॉनॉमिक रजिस्टर चालवतं, त्यात कंपनीचं नाव किंवा लायसन्स नंबर टाकला की लायसन्स चालू आहे का, कोणत्या अमिरातीत आहे, कसल्या धंद्याचं आहे ते दिसतं. धंद्याचा प्रकार मुद्दाम बघा. लायसन्स जनरल ट्रेडिंगचं किंवा कपडे विकायचं आणि ऑफर एमईपी सुपरवायझरची, असं असेल तर विचारा की हे कसं.

लायसन्स चालू निघालं तर काय सिद्ध झालं? की या नावाची कंपनी जगात आहे. बस. तिने तुम्हाला नोकरी दिली हे नाही. इथेच सगळ्यात जास्त लोक थांबतात आणि फसतात.

पुढची पायरी फोनची. कंपनीची वेबसाइट स्वतः टाइप करून उघडा, तिथला लँडलाइन नंबर घ्या. दुबईचे लँडलाइन +971 4 ने सुरू होतात, अबुधाबीचे +971 2 ने, शारजाचे +971 6 ने. +971 5 ने सुरू होणारा तो मोबाइल, आणि मोबाइल कोणीही विकत घेऊ शकतो, भारतात बसूनही वापरू शकतो. लेटरवर फक्त मोबाइल किंवा व्हॉट्सॲप नंबर असेल, लँडलाइन एकही नसेल, तर मला लगेच शंका येते.

फोन कधी करायचा? तिथे सरकारी कार्यालयं आणि बऱ्याच कंपन्या शनिवार-रविवार बंद, शुक्रवारी दुपारनंतर कामकाज नसतं, आणि वेळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. म्हणजे सोमवार ते गुरुवार आपल्याकडच्या साडेअकरा ते पाचच्या दरम्यान लावा. ऑपरेटरला सांगा एचआर द्या, आणि एचआरला फक्त तीन गोष्टी विचारा: या रेफरन्स नंबरचं ऑफर तुम्ही काढलंय का, सही केलेला माणूस तुमच्याकडे आहे का, आणि भारतात तुमचा कोणी एजंट आहे का. इंग्रजीची भीती वाटत असेल तर हिंदीत बोला, दुबईच्या ऑफिसात हिंदी समजणारा कोणी ना कोणी निघतोच. आमच्याकडेही असे फोन येतात आणि खरं सांगतो, आम्हाला त्याचा राग येत नाही, उलट आमच्या नावाने कोणी फसवतंय हे कळतं.

चिपळूणच्या केसमध्ये लँडलाइनवर उत्तर आलं की सही करणाऱ्या नावाचं कोणी इथे नाही आणि आम्ही भारतात एजंट नेमलेला नाही. तिथेच खरं तर विषय संपला. पण प्रत्येक वेळी एवढं सरळ होत नाही, कधी फोनच कोणी उचलत नाही, कधी ऑपरेटर जोडून देत नाही, म्हणून पुढचं वाचा.

मिनिस्ट्रीचं ऑफर लेटर आणि MB नंबर

ही माझ्या मते सगळ्यात पक्की तपासणी आहे. यूएईमध्ये कामगार खातं आहे, त्याला तिथे सगळे मोहरे म्हणतात. खाजगी कंपनीने बाहेरून माणूस आणायचा तर कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्र पुरत नाही, मोहरेच्या ठरलेल्या फॉर्ममध्ये जॉब ऑफर काढावी लागते. ती अरबी आणि इंग्रजीत असते, सोबत कामगाराला कळेल अशी तिसरी भाषा घेता येते, त्यात हिंदीही आहे. त्यात मूळ पगार, भत्ते, पद, प्रोबेशन, रजा, नोटीस सगळं लिहिलेलं असतं. तुम्ही ती वाचून सही करायची, मग वर्क परमिट, मग एंट्री परमिट म्हणजे आपण ज्याला व्हिसा म्हणतो तो, आणि त्यानंतर विमान. नंतर होणारा करार या ऑफरशी जुळावा लागतो, म्हणून पगाराचा आकडा बघायचा तो इथला, ईमेलमधला नाही.

या ऑफरवर एक ट्रान्झॅक्शन नंबर असतो, MB ने सुरू होतो आणि AE ने संपतो. mohre.gov.ae वर Enquiry Services मध्ये जाऊन किंवा थेट inquiry.mohre.gov.ae वर तो टाकला की खरी नोंद असेल तर दिसते. नंबर सापडला की लोक उड्या मारतात, पण थांबा, आता माहिती जुळवा. कंपनीचं नाव तेच आहे का? माणसाचं नाव तुमचं आहे का, पासपोर्टवरच्या स्पेलिंगसकट? पद तेच आहे का? कारण फेसबुकवर लोक आनंदाने आपली ऑफर लेटरं टाकतात, आणि हे भामटे त्यातला खरा नंबर उचलून तुमच्या नावाच्या लेटरवर चिकटवतात. नंबर खरा, नोंद खरी, फक्त ती दुसऱ्याच कोणाची तरी. वेबसाइटवर जमत नसेल तर मोहरेच्या कॉल सेंटरवर 600590000 ला विचारता येतं.

दोन गोष्टी इथे समजून घ्या, नाहीतर खरं ऑफरही खोटं वाटेल. पहिली, कंपनी आधी लेटरहेडवर ऑफर पाठवते आणि मोहरेची ऑफर नंतर काढते, हे अगदी नॉर्मल आहे. तेव्हा पहिल्या मेलमध्ये MB नंबर नाही म्हणजे खोटं असं नाही. फक्त तो नंबर हातात येईपर्यंत सध्याची नोकरी सोडू नका, गावभर सांगू नका, कोणाला पैसे देऊ नका. खऱ्या कंपनीला सांगितलं की मोहरेची ऑफर आली की सही करतो, तर ती म्हणते ठीक आहे. खोटी कंपनी लगेच घाई करायला लागते, जागा दुसऱ्याला जाईल, उद्या पाच वाजेपर्यंत वगैरे.

दुसरी, फ्री झोन, म्हणजे स्वतःची वेगळी अथॉरिटी असलेले व्यापारी भाग. जेबेल अलीचा फ्री झोन, डीएमसीसी असे बरेच झोन आहेत, आणि त्यांच्यातल्या कंपन्यांचं कर्मचाऱ्यांचं कागदकाम त्या झोनच्या अथॉरिटीमार्फत होतं, त्यामुळे मोहरेवर तुमची नोंद सापडणार नाही. अशा वेळी कंपनी कुठल्या झोनमध्ये आहे ते विचारा आणि त्या झोनच्या अथॉरिटीच्या वेबसाइटवरून संपर्क काढून खात्री करा. भामट्यांनाही हे माहीत झालंय, MB नंबर मागितला की म्हणतात आम्ही फ्री झोनमध्ये आहोत. मग विचारा कुठल्या. लायसन्स नंबर द्या म्हणावं. चिपळूणच्या मुलाला आधी सांगितलं फ्री झोन, आणि लेटरवर पत्ता होता देराचा, जो फ्री झोनच नाही.

व्हिसाचा पीडीएफ आला तरी तोही तपासायचा. दुबईचा असेल तर व्हिसा बघणाऱ्या दुबईच्या जीडीआरएफए खात्याच्या साइटवर, बाकी अमिरातींचा असेल तर हेच काम बघणाऱ्या आयसीपी खात्याच्या smartservices.icp.gov.ae वर फाइल नंबर, पासपोर्ट नंबर, जन्मतारीख टाकून दिसतो. आणि व्हिसा खरा निघाला तरी प्रकार वाचा! एम्प्लॉयमेंट आहे का टुरिस्ट? टुरिस्ट व्हिसावर या, इथे आल्यावर कन्व्हर्ट करू, असं सांगून लोकांना खरा व्हिजिट व्हिसा काढून देतात, तो साइटवर बरोबर दिसतो, माणूस विमानात बसतो आणि तिकडे उतरल्यावर नोकरीच नसते. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे बेकायदेशीर आहे, पकडलं तर दंड आणि परत पाठवणी तुमच्या नशिबी, एजंटच्या नाही.

एजंट आला की ईमायग्रेट

आता ते भारतातले अधिकृत प्रतिनिधी. आपल्याकडे १९८३ चा इमिग्रेशन नाही, एमिग्रेशन कायदा आहे, त्यानुसार परदेशी नोकरीसाठी माणसं भरायची तर परराष्ट्र मंत्रालयाकडे रिक्रूटिंग एजंट म्हणून नोंदणी लागते. यादी सरकारच्या ईमायग्रेट पोर्टलवर, म्हणजे emigrate.gov.in वर, सगळ्यांना बघायला खुली आहे. नोंदणी नंबर साधारण असा दिसतो:

```
B-0000/MUM/PER/1000+/5/0000/2010
```

एजंटकडे हा नंबर मागा. मग पोर्टलवर जाऊन चार गोष्टी जुळवा: नाव अक्षरशः तेच आहे का, पत्ता तोच आहे का, स्टेटस ॲक्टिव्ह आहे का, आणि फोन नंबर. फोनचं महत्त्व जास्त. नोंदणी नंबर चोरीचे असतात, म्हणजे मुंबईतल्या एखाद्या खऱ्या जुन्या एजन्सीचा नोंदणी नंबर व्हिजिटिंग कार्डवर छापतात आणि खाली स्वतःचा मोबाइल देतात. म्हणून पोर्टलवर जो फोन आहे त्यावर फोन करून विचारायचं की हा माणूस तुमचा आहे का आणि ही जागा तुमच्याकडे आहे का. चिपळूणच्या केसमध्ये हेच झालं, नंबर खरा होता, पण पोर्टलवर पत्ता एका ठिकाणचा आणि हा बसलेला अंधेरीत एका कोवर्किंग ऑफिसच्या टेबलावर. खऱ्या एजन्सीने सांगितलं की आमचा याच्याशी काही संबंध नाही.

आम्ही अमक्या एजन्सीचे सब एजंट आहोत, त्यांच्या लायसन्सवर काम करतो, असं कोणी म्हटलं तर तिथूनच उठा. नोंदणी ज्याची, भरती त्यानेच करायची, गावोगावी फिरणाऱ्या सब एजंटला कायद्यात जागा नाही. ट्रॅव्हल एजन्सी, तिकीट बुकिंगवाला, व्हिसा कन्सल्टंट, यांची दुकानं कितीही मोठी असली तरी त्यामुळे ते रिक्रूटिंग एजंट होत नाहीत. बेकायदेशीर एजंटांची यादीपण ईमायग्रेटवर आहे, ती बघा, पण त्यात नाव नाही म्हणजे माणूस चांगला असं नाही, तो अजून सापडलेला नसेल.

खऱ्या एजंटकडे कंपनीचं डिमांड लेटर, म्हणजे माणसं हवीत असं सांगणारं पत्र, आणि कंपनीने त्याला दिलेलं अधिकारपत्र असतं. दाखवा म्हणा. जो दाखवायला कुरकुर करतो त्याच्याकडे ते नसतं.

कंपनीने तुम्हाला थेट घेतलं, मध्ये एजंट नाही, तर ते चुकीचं नाही, बरेच लोक तसेच जातात. तुमच्या पासपोर्टवर ईसीआर असेल, म्हणजे साधारणपणे दहावी पास नसाल, तर यूएईला कामासाठी जाताना एमिग्रेशन क्लिअरन्स लागतो आणि तो ईमायग्रेटमधूनच होतो. क्लिअरन्सशिवाय पाठवतो, विमानतळावर सेटिंग आहे म्हणणारा माणूस तुम्हाला खड्ड्यात घालतोय.

पैशाचा हिशोब, ओळ न् ओळ

यूएईचा २०२१ चा कामगार कायदा, तेहतीस क्रमांकाचा, स्पष्ट म्हणतो की भरतीचा आणि नोकरीवर घेण्याचा खर्च कंपनीने कामगाराकडून घ्यायचा नाही, सरळ नाही आणि आडमार्गानेही नाही. म्हणजे वर्क परमिट, एंट्री परमिट, तिकडची मेडिकल, रेसिडेन्सी, हे सगळं कंपनीच्या खिशातून. तेव्हा व्हिसा फी तुम्ही भरा, पहिल्या पगारात परत देऊ, हे वाक्य ज्या लेटरमध्ये आहे ते माझ्यासाठी तिथेच खोटं. रिफंडेबल हा शब्द फसवणाऱ्यांचा फार लाडका आहे.

भारताच्या बाजूने नोंदणीकृत एजंट सेवाशुल्क घेऊ शकतो, पण त्याला वरची मर्यादा आहे, ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जास्तीत जास्त ३५,४००. तेही पावती देऊन. याच्या वर एक रुपया मागितला तर तो नियमाबाहेर आहे, मग नाव काहीही देवो.

चिपळूणच्या मुलाला आलेली यादी बघा: व्हिसा प्रोसेसिंग ४२,०००, मोहरे अप्रूव्हल १८,५००, इन्शुरन्स ९,०००, फाइल चार्ज ९,०००. बेरीज ७८,५००. यातल्या पहिल्या दोन गोष्टी कंपनीच्या खर्चाच्या, मुलाशी संबंधच नाही. इन्शुरन्स म्हणत असतील तर प्रवासी भारतीय विमा योजनेचा हप्ता दोन वर्षांना २७५ आणि तीन वर्षांना ३७५ रुपये आहे, दहा लाखांच्या कव्हरचा, तिथे ९,००० कशाचे? आणि फाइल चार्ज म्हणजे काय ते आजपर्यंत मला कोणी समजावून सांगितलेलं नाही. पैसे कुठे भरायचे तर एका बाईच्या नावच्या सेव्हिंग अकाउंटला, यूपीआयने. कंपनी नाही, एजन्सी नाही, व्यक्ती. तिथे विचार करायला काही उरतच नाही.

तुमच्या खिशातून खरोखर जाणारे पैसे कोणते? पासपोर्ट, डिग्री किंवा डिप्लोमाचं अटेस्टेशन, मागितलं तर पोलिस क्लिअरन्स. हे पैसे तुम्ही ज्या त्या कार्यालयात किंवा अधिकृत केंद्रात स्वतः भरता आणि पावती तुमच्या नावाची मिळते. कागद मी स्वतः करून घेतो असं तुम्ही म्हटलं की खरा एजंट हो म्हणतो, खोटा म्हणतो नाही, आमच्याच माणसाकडून करावं लागतं.

आणखी एक, आधी थोडेच मागतात. २,५०० रुपये रजिस्ट्रेशन. ते भरले की माणूस अडकतो, मग १८,०००, मग ४०,०००, आणि प्रत्येक वेळी आता फक्त एवढंच राहिलंय असं सांगतात. आधीचे बुडू नयेत म्हणून लोक पुढचे भरतात. आईच्या बांगड्या गहाण ठेवून भरलेले मी पाहिलेत, म्हणून पोटतिडकीने सांगतो, पहिले २,५०० पण भरू नका आणि भरले असतील तर तिथेच थांबा.

कागदपत्रांचंही तसंच. MB नंबर तपासून होईपर्यंत आधार, पॅन, बँक पासबुक, कोऱ्या कागदावरची सही काही पाठवू नका. पासपोर्टची कॉपी खऱ्या कंपनीलाही लागते, ती देताना वरून तिरकं कंपनीचं नाव आणि तारीख लिहून स्कॅन करा. मूळ पासपोर्ट मात्र एजंटच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका.

यूएई सोडून एक अपवाद करतो कारण इंग्रजी बोलणाऱ्या, कॉम्प्युटर येणाऱ्या मुलांना हे मेल फार येतात. बँकॉकला डेटा एंट्री किंवा डिजिटल सेल्सची नोकरी, भरपूर पगार, तिकीट व्हिसा सगळं फुकट, फी शून्य. परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्येच याबद्दल इशारा दिला होता, थायलंडच्या नावाने नेऊन सीमेपलीकडे म्यानमारमध्ये म्यावाडी भागात कोंडून ऑनलाइन फसवणुकीची कामं करायला लावत होते. म्हणजे फी मागितली नाही म्हणून ऑफर खरं, असंही नाही. तिथेही कंपनी, पत्ता, एजंट, व्हिसाचा प्रकार हेच तपासायचं.

शंका असेल तर, आणि पैसे गेले असतील तर

शंका असेल तर विचारायला जागा आहेत. परराष्ट्र मंत्रालयाचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र, टोल फ्री 1800113090. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात विदेश भवन आहे, तिथे प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं ऑफिस आहे, लेटर आणि एजंटचा तपशील घेऊन गेलात तर एजंट नोंदणीकृत आहे की नाही ते सांगतात आणि तक्रारही घेतात. लेटरची प्रिंट, मेलची प्रिंट, एजंटचं कार्ड असं सगळं सोबत न्या, नुसतं तोंडी सांगून उपयोग होत नाही.

पैसे गेले असतील तर पहिला फोन सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला, त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासात. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवले गेले तरच मिळायची आशा, उशीर झाला की ते दहा खात्यांतून फिरून काढून घेतलेले असतात. हाताशी ट्रान्झॅक्शनचा यूटीआर नंबर, रक्कम, वेळ, समोरचं खातं किंवा यूपीआय आयडी ठेवा. मग cybercrime.gov.in वर लेखी तक्रार, आपल्या बँकेला कळवणं, आणि एजंट भारतातला असेल तर जवळच्या पोलिस स्टेशनला आणि ईमायग्रेटवरही. पोलिस स्टेशनला सांगताना नुसतं फसवलं म्हणू नका, विनानोंदणी परदेशी भरती केली असंही लिहून द्या, कारण एमिग्रेशन कायद्यात तो वेगळा गुन्हा आहे.

चॅट डिलीट करू नका, रागाने ब्लॉकही लगेच करू नका, आधी सगळे स्क्रीनशॉट घ्या. मेल फॉरवर्ड केला तर मूळ हेडर, म्हणजे वर बघितलेल्या त्या ओळी, गळून पडतात, म्हणून Show original च्या पानावर Download Original आहे त्यावरून .eml फाइल उतरवून ठेवा, सायबर पोलिसांना तीच कामाची.

आणि तक्रार केल्यावर काही आठवड्यांनी कोणाचा तरी फोन येईल की तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो, मी दूतावासातून बोलतोय किंवा वकील आहे, फक्त ५,००० प्रोसेसिंग भरा. तुमचा नंबर त्याच टोळीच्या यादीतून गेलेला असतो. दूतावास असे पैसे मागत नाही. तो नंबरही आधीच्याच तक्रारीत जोडून द्या.